मिळाले त्रेसष्ट लाख, सरकारी किंमत एक कोटी दोन लाख

प्रश्न : जून २०२२ मध्ये आम्ही पुण्यात, हिंजवडीजवळ, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत ८० लाखांचा फ्लॅट घेतला. तेव्हाच करारनामा नोंदवला. आतापर्यंत बिल्डरला ४८ लाख दिले आहेत. बदली झाल्यामुळे ऑक्टोबर २०२५ मध्ये तो दुसऱ्याला दिला. त्यांनी आम्हाला ६३ लाख दिले, उरलेले ३२ लाख ते बिल्डरला देणार आहेत. नोंदणीच्या वेळी फ्लॅटची सरकारी किंमत १ कोटी २ लाख निघाली. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, ६३ आणि १०२ मधल्या फरकावर, म्हणजे ३९ लाखांवर, तुम्हाला कर भरावा लागेल. हे खरं आहे का? एवढे पैसे आमच्या हातातच आलेले नाहीत.

उत्तर : त्या गृहस्थांनी तुलनाच चुकीच्या दोन आकड्यांची केली आहे. रेडी रेकनर तुमच्या फ्लॅटचे किती हप्ते भरले गेलेत हे पाहत नाही. विभागाचा दर आणि क्षेत्रफळ धरून तो पूर्ण फ्लॅटचं मूल्य काढतो. तुमचे ६३ लाख मात्र पूर्ण फ्लॅटची किंमत नाहीत. घेणाऱ्याला हा फ्लॅट ६३ अधिक ३२, म्हणजे ९५ लाखांना पडतो आहे. म्हणून १०२ ची तुलना ९५ शी करायची, ६३ शी नाही.

आता आयकर कायद्याचं कलम ५०सी बघा. जमीन किंवा इमारत विकताना सरकारी मूल्य ठरलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांपर्यंत असेल, तर ठरलेली किंमतच मान्य होते. ९५ लाखांचे ११० टक्के म्हणजे १०४ लाख ५० हजार. तुमचं १०२ त्याच्या आत आहे, त्यामुळे त्या सात लाखांच्या फरकावर एक रुपयाही कर नाही. हाच सौदा ९२ लाखांत झाला असता, तर मर्यादा १०१ लाख २० हजारांवर थांबली असती आणि १०२ तिच्या बाहेर गेलं असतं. लोकांना वाटतं की अशा वेळी फक्त मर्यादेवरच्या ८० हजारांवर कर लागतो. तसं नाही. एकदा मर्यादा ओलांडली की सगळेच दहा लाख विक्रीच्या किमतीत धरले जातात. शिवाय कलम ५६(२)(एक्स) खाली तेच दहा लाख खरेदीदाराच्या उत्पन्नातही मोजले जातात. एकाच फरकावर दोन्हीकडे कर, म्हणून किंमत ठरवण्याआधी रेडी रेकनर पाहून घेणं दोघांच्याही हिताचं असतं.

ताबा न मिळालेला फ्लॅट म्हणजे इमारत नव्हे, तो फक्त घर मिळण्याचा हक्क आहे, त्यामुळे ५०सी लागूच होत नाही, असा युक्तिवाद आहे आणि काही करदात्यांना न्यायाधिकरणांत त्याचा फायदाही झाला आहे. पण तो अपिलात वापरायचा मुद्दा आहे. त्याच्या भरवशावर सौदा बेतू नका.

मग तुमचा नफा किती? बिल्डरला दिलेले ४८ लाख, त्यावरचा पाच टक्के जीएसटी २ लाख ४० हजार, २०२२ च्या करारनाम्याची सात टक्के स्टँप ड्युटी ५ लाख ६० हजार आणि नोंदणी फी ३० हजार धरली, तर तुमचा खर्च ५६ लाख ३० हजार होतो. फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करायला बिल्डरने हस्तांतर शुल्क घेतलं असेल, तर तेही वजा होतं. ते दीड लाख धरू. ६३ लाखांतून हे सगळं गेलं की नफा उरतो ५ लाख २० हजार. करारनाम्याला २४ महिने उलटून गेलेत म्हणून हा दीर्घकालीन नफा आहे. त्यावर साडेबारा टक्क्यांनी ६५ हजार आणि चार टक्के सेस धरून ६७ हजार ६०० रुपये कर येतो.

हप्ते २०२३-२४ मध्ये भरले असले तरी मुदत प्रत्येक हप्त्यापासून वेगळी मोजायची नाही, वाटपपत्रापासून किंवा करारनाम्यापासून मोजायची. वाटपपत्राच्या तारखेपासून मुदत धरायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्यता दिलेली आहे. म्हणून ते जुनं वाटपपत्र जपून ठेवा.

खरा धोका दस्तात असतो. अशा व्यवहाराचा त्रिपक्षीय करार होतो. त्यात बिल्डर, तुम्ही आणि नवे खरेदीदार असे तिघं सह्या करतात. माझ्या पाहण्यात असे करार आले आहेत, ज्यांत मोबदला म्हणून फक्त विकणाऱ्याला मिळालेली रक्कम लिहिली होती आणि बिल्डरचे पैसे ‘उर्वरित सर्व जबाबदाऱ्यांसह’ एवढ्या शब्दांत गुंडाळले होते. सूची क्रमांक दोन, जिला आपण इंडेक्स टू म्हणतो, तिच्यावर मोबदला आणि बाजारभाव हे दोन रकाने असतात. दस्तात ६३ लाख लिहिले असतील, तर तिथे ६३ आणि १०२ शेजारी शेजारी छापले जातील. तीस लाखांवरच्या व्यवहारांची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याला जाते, म्हणजे नोटीस येणार ती याच दोन आकड्यांवरून. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनीही बहुधा हेच दोन आकडे पाहिले असावेत.

तुमची इंडेक्स टू आज काढून पाहा. मोबदला ९५ लाख असेल आणि करारात ६३ तुम्हाला, ३२ थेट बिल्डरला, अशी विभागणी असेल, तर काळजीचं कारण नाही. ६३ च लिहिलेले असतील, तर बिल्डरकडून भरलेल्या आणि शिल्लक रकमेचं पत्र सही-शिक्क्यानिशी घ्या आणि तिघांचा चूक दुरुस्ती दस्त करून घ्यायच्या मागे लागा. अधिकाऱ्याने तरीही १०२ हीच विक्री किंमत धरली, तर त्यातून बिल्डरला द्यायचे ३२ लाख वजा करायला सांगा. पूर्ण फ्लॅटचं मूल्य धरायचं आणि खर्च मात्र अर्ध्या फ्लॅटचा, हे चालणार नाही. सरकारी मूल्यच बाजारापेक्षा जास्त आहे असं वाटत असेल, तर प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते, मात्र त्या मूल्याविरुद्ध दुसरीकडे अपील केलेलं नसलं पाहिजे.

तारखेचाही एक मुद्दा आहे. रेडी रेकनरचे दर १ एप्रिलला बदलतात. २०२३ आणि २०२४ मध्ये ते तसेच ठेवले होते, २०२५ मध्ये वाढले. तुमचा लेखी व्यवहार मार्च २०२५ मध्येच ठरला असेल आणि त्या तारखेपर्यंत थोडी तरी रक्कम चेकने किंवा बँकेतून आली असेल, तर नोंदणी ऑक्टोबरमध्ये झाली तरी मार्चचं मूल्य धरता येतं. रोख विसार दिला असेल तर ही सवलत नाही.

नफा नव्या घरात गुंतवून कर वाचवायचा असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुम्ही घर विकलेलं नाही, हक्क विकला आहे. त्यामुळे कलम ५४ पेक्षा ५४एफ लागू होण्याची शक्यता जास्त. त्यात नुसते ५ लाख २० हजार गुंतवून पूर्ण सूट मिळत नाही, विक्रीची निव्वळ रक्कम, म्हणजे साडेएकसष्ट लाख, गुंतवावी लागते. ६७ हजारांच्या करासाठी एवढी रक्कम अडकवायची का, हे घरात बसून ठरवा. नवं घर तसंही घ्यायचंच असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर माझ्या मते कर भरून मोकळं व्हावं.