लॅशच्या धंद्याचा हिशेब ग्लूच्या बाटलीपासून

आयलॅश एक्स्टेन्शन शिकून आलेली मुलगी भेटली की मी तिला दोनच गोष्टी विचारते. ग्लूची बाटली कधी उघडलीस, आणि एका सेटला घड्याळ लावून किती वेळ लागतो? बहुतेकींना क्लासमध्ये सांगितलेलं असतं की सेट दोन तासांचा आणि सामान दोनशे रुपयांचं, बाकी सगळा नफा. या हिशेबावर अमरावतीत मी पहिला लग्नाचा सीझन काढला. डायरी गच्च भरली होती, मान आखडली होती, पण महिनाअखेर भाडं आणि लाइट बिल देऊन हातात फारसं उरत नव्हतं. म्हणून हा हिशेब उलगडून सांगते.

आधी बाटली. पाच मिलिची चांगली ग्लू साधारण बाराशे रुपयांना पडते. एका ग्राहकाला त्यातले पाच-सहा थेंबच लागतात, त्यामुळे बाटली बरेच दिवस पुरेल असं वाटतं. पण झाकण उघडलं की चार-पाच आठवड्यांत ती घट्ट होत जाते आणि पकड सोडते, मग उरली असली तरी फेकावीच लागते. म्हणजे ग्लूचा खर्च थेंबावर नाही, महिन्यावर धरायचा. अमरावतीत माझ्याकडे तेवढ्या काळात चाळीसेक जणी येतात, तिथे एकीमागे तीस रुपये पडतात. अकोल्यात मी आठवड्यातून दोनच दिवस बसते. तिथे पंधरा जणी झाल्या, तर तीच बाटली एकीमागे ऐंशी रुपयांना पडते. जेल पॅड, टेप, मायक्रोब्रश, प्रायमर, लॅशचे केस हे सगळं मिळून दीडशे-पावणेदोनशे होतात, मग गाव कोणतंही असो.

दोन गावांना मिळून एकच बाटली नेऊन पैसे वाचतील असं वाटतं, पण ते जमत नाही. अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. मे महिन्यात तिथला पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. एका फेरीतच ग्लू बिघडते. बाटली दोन्ही ठिकाणी वेगळीच हवी.

आपल्याकडच्या हवेचं आणखी एक आहे, जे मुंबई-पुण्याच्या क्लासमध्ये कुणी सांगत नाही. ही ग्लू हवेतल्या ओलाव्याने सुकते. साधारण पन्नास-साठ टक्के ओलावा तिला मानवतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे तो वीसच्याही खाली जातो, त्यात एसी लावला की हवा आणखी कोरडी. मग ग्लू लवकर धरत नाही, केस सरकतात, शेजारच्या केसाला चिकटतात आणि चार दिवसांत गळायला लागतात. उलट पावसाळ्यात कूलर चालू ठेवला, तर केस जागेवर बसण्याआधीच ग्लू आवळते आणि ठिसूळ होऊन तुटते. तीन-चारशे रुपयांचा ओलावामापक टेबलावर ठेवा. उन्हाळ्यात कूलर मंद चालवून, झोत ग्राहकाच्या तोंडावर न घेता, खोलीचा ओलावा वर आणता येतो. पावसाळ्यात मात्र कूलर बंद आणि एसी चालू.

आता घड्याळ. साध्या क्लासिक सेटमध्ये दोन्ही डोळ्यांचे मिळून दोनशे-सव्वादोनशे केस लावावे लागतात. प्रत्येक वेळी चिमट्याने एक नैसर्गिक पापणी वेगळी करायची, तिच्यावर एकच केस बसवायचा. हात बसलेला असेल तर एका केसाला अर्धा मिनिट, म्हणजे नुसते लावायलाच पावणेदोन-दोन तास. त्याआधी बोलणं, मेकअप काढून पापण्या धुणं, पॅड लावणं, लांबीची आखणी. नंतर सुकवणं, विंचरणं, काळजी समजावणं, चिमटे निर्जंतुक करणं. हे सगळं धरलं की पूर्ण सेट तीन तासांचा होतो. नवशिकीला एका केसाला मिनिट लागतो, तिने साडेचार-पाच तास धरावेत आणि दिवसाला एकच सेट घ्यावा.

मूर्तिजापूरहून येणारी मुलगी फोनवर विचारते, ‘ताई, दोन घंट्यात होऊन जाईन ना? मले पाचची गाडी पकडायची हाय.’ तिला तेव्हाच सांगायचं की बाई, तीन तास लागतील, अकराला ये. घाईत दोन पापण्या एकाच केसाला चिकटल्या की वाढताना एकमेकींना ओढतात, दुखतं आणि मुळापासून निघतात. घाईची खूण ओळखायची असेल, तर सेट झाल्यावर खालून वर बारीक चिमटा फिरवून पाहा. तो जिथे अडकेल, तिथे जोड आहे.

खरी गोम रिटचमध्ये आहे. नैसर्गिक पापणी दोन-तीन महिन्यांनी आपोआप गळते, रोज दोन-चार जातातच, आणि जाताना तुमचा केस घेऊन जातात. तीन आठवड्यांत निम्म्याच्या आसपास उरतात. बहुतेक ठिकाणी रिटचचा एकच दर असतो, समजा आठशे. पूर्ण सेटला अठराशे घेतले आणि अकोल्यात सामान अडीचशेचं धरलं, तर तीन तासांचे साडेपंधराशे, म्हणजे तासाला पाचशेच्या वर सुटतात. रिटचला सामान दोनशेचं. वेळेवर आलेलीला दीड तास लागतो, तासाला चारशे. पण तीच पाचव्या आठवड्यात आली, तर जुने काढून नवे लावण्यात अडीच तास जातात आणि त्याच आठशेत तासाला दोनशे चाळीस उरतात. सर्वांत जास्त मेहनत सर्वांत कमी दरात! माझा पैसा तिथेच मुरत होता.

म्हणून आता दर उरलेल्या केसांवर ठरतो. एकवीस दिवसांच्या आत नऊशे, चौथ्या आठवड्यात तेराशे, आणि त्यापुढे किंवा निम्म्याहून बरेच कमी उरले असतील तर पूर्ण सेटचा दर. ग्राहक पलंगावरून उठण्याआधीच पुढची तारीख मी डायरीत लिहून देते. अकोल्याच्या ग्राहकांना तीन आठवड्यांनंतरचा तोच वार.

‘चार दिवसांत सगळे गळले’ अशी तक्रार आली, तर गळलेले केस कागदाच्या पुडीत घालून आणायला सांगते. केसाला नैसर्गिक पापणी चिकटलेली असेल, तर ती आपल्या वेळेने गळली, त्याचे पैसे पडतात. केस नुसताच, मोकळा असेल, तर ग्लूने धरलं नाही किंवा तिने तेल लावलं, चोळलं. असे मोकळे केस जास्त निघाले आणि पापण्यांवर तेल नसलं, तर मी फुकट लावून देते, आणि त्या दिवशीची ओलाव्याची नोंद पाहते. डोळा लाल झाला किंवा पापणी सुजली, तर मात्र त्यावर काहीच लावायचं नाही, आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं. नव्या ग्राहकाला आदल्या दिवशी पाच-सहा केस लावून पाहायचे ते यासाठीच.

किती ग्राहक घ्यायचे हेही रिटचच ठरवतो. आठवड्याला पलंगाजवळचे छत्तीस तास मिळतात असं धरू. चोवीस जणी दर तीन आठवड्यांनी नेमाने येत असतील, तर आठवड्याला आठ रिटच, म्हणजे बारा तास गेले. उरलेल्या चोवीस तासांत आठ नवे सेट बसतात. दर आठवड्याच्या त्या आठही नियमित झाल्या, तर तीन आठवड्यांतच आणखी बारा तास रिटचला लागतील आणि नव्या सेटसाठी बाराच उरतील. तुळशीच्या लग्नानंतर नवऱ्या मुलींची गर्दी सुरू होते. त्या एकदाच येतात, रिटच करत नाहीत. त्यांच्यासाठी डायरीत कप्पा वेगळा ठेवा आणि सेटच्या दरातच दोन-तीन आठवड्यांनी केस काढून देण्याचा अर्धा-पाऊण तास धरा. नाहीतर त्या घरी ओढून काढतात, आणि पापण्या विरळ झाल्या की नाव तुमचं घेतात.