शाकाहारी कुटुंबांसाठी उन्हात ठेवलेली अळिंबी : ‘ड’ जीवनसत्त्व किती मिळते, किती मिळत नाही

‘ड’ जीवनसत्त्वाअभावी शरीर आहारातील कॅल्शियम पुरेसे शोषून घेऊ शकत नाही. त्यामुळे लहान मुलांची हाडे मऊ राहून पाय वाकतात, तर प्रौढांना कंबर व मांड्यांमध्ये वेदना होऊन जमिनीवरून उठणे वा जिना चढणे कठीण जाते. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या मुख्यतः मासे, अंड्याचा बलक आणि यकृत यांत आढळते. धान्ये, डाळी, भाज्या व फळे यांत ते जवळजवळ नसते. शाकाहारी स्वयंपाकघरात येणारा एक अपवाद म्हणजे अळिंबी, अर्थात मशरूम. मात्र बाजारातून आणलेली अळिंबी तशीच शिजविल्यास हा लाभ मिळत नाही. ती प्रथम उन्हात ठेवावी लागते.

उन्हाची आवश्यकता का?

अळिंबीमध्ये एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणे त्यावर पडली की त्याचे ‘ड-२’ जीवनसत्त्वात रूपांतर होते. आपल्या त्वचेतही याच किरणांमुळे अशाच प्रकारे ‘ड-३’ तयार होते. पांढरी बटण अळिंबी बंद, अंधाऱ्या खोल्यांत वाढविली जाते. त्यामुळे ताज्या १०० ग्रॅम अळिंबीत सामान्यतः १ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी ‘ड’ असते. तीच अळिंबी तोडणीनंतर दुपारच्या उन्हात ठेवली, तर १०० ग्रॅममध्ये साधारणपणे १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक ‘ड-२’ तयार होते. तोडलेल्या अळिंबीतही ही क्रिया घडते, म्हणून ती घरी करता येते.

उन्हात ठेवण्याची पद्धत

१. अळिंबी पुसून तिचे देठासह ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे काप करावेत. किरणे पृष्ठभागापासून फार खोल जात नाहीत. काप केल्याने उन्हास सामोरा जाणारा पृष्ठभाग वाढतो. धिंगरी अळिंबी अखंड ठेवायची असल्यास टोपीखालच्या पातळ पट्ट्यांची बाजू वर करावी.

२. स्वच्छ ताटात काप एकमेकांवर न येतील असे पसरावेत व ताट गच्चीत, अंगणात किंवा थेट ऊन येणाऱ्या उघड्या खिडकीत ठेवावे. बंद काचेच्या आत ठेवू नये. काच प्रकाश व उष्णता आत येऊ देते, परंतु अतिनील-ब किरणे अडविते. जाड कापडानेही ती अडतात. माश्यांपासून संरक्षणासाठी विरळ जाळी वापरावी.

३. सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेत, निरभ्र आकाश असताना ३० मिनिटे ते १ तास ठेवावे. मध्ये एकदा काप उलटावेत. हिवाळ्यात किंवा आकाश धूसर असताना २ तासांपर्यंत ठेवावे. कडक उन्हाळ्यात त्याहून अधिक वेळ ठेवल्यास ‘ड’ त्या प्रमाणात वाढत राहत नाही, मात्र काप चिकट होऊन खराब होण्याचा संभव असतो.

४. त्यानंतर काप लगेच शिजवावेत किंवा शीतकपाटात ठेवून दोन दिवसांत वापरावेत. चमचाभर तेलात परतून शिजविणे चांगले. ‘ड’ स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्याने तेलासोबत त्याचे शोषण सुलभ होते.

ऊन पुरेसे आहे, हे कसे ओळखावे?

उन्हात ठेवल्याने काप तपकिरी होतात, परंतु तो रंग ‘ड’ तयार झाल्याची खूण नव्हे. सावलीत ठेवलेले कापही तपकिरी होतातच. जीवनसत्त्वाचे प्रमाण घरी मोजता येत नाही. उन्हाची शक्ती मात्र स्वतःच्या सावलीवरून पारखता येते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर अतिनील-ब किरणे पुरेशी मिळतात. सावली उंचीपेक्षा लांब असेल, तर सूर्य कलता असून ही किरणे क्षीण झालेली असतात. मुंबईत डिसेंबरमध्येही भर दुपारी सावली उंचीपेक्षा किंचित आखूड असते. दिल्लीत मात्र त्या दिवसांत भर दुपारची सावलीदेखील उंचीपेक्षा लांब पडते. म्हणून उत्तर भारतात राहणाऱ्या कुटुंबांनी हिवाळ्यात या उपायाकडून कमी अपेक्षा ठेवावी.

एका कुटुंबाचा हिशेब

चार जणांच्या कुटुंबाने २०० ग्रॅमचे एक पाकीट आणले व योग्य प्रकारे उन्हात ठेवले, असे समजू. १०० ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम धरल्यास त्यात २० मायक्रोग्रॅम ‘ड’ तयार होईल. शिजविताना सुमारे चतुर्थांश घट धरली, तर १५ मायक्रोग्रॅम उरेल. ते चौघांत वाटल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ४ मायक्रोग्रॅमहून थोडे कमी येईल. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०० आंतरराष्ट्रीय एकके आहे.

अर्थात एका वेळच्या भाजीतून त्या दिवसाच्या गरजेचा सुमारे चौथा भाग मिळतो. ही भाजी आठवड्यातून दोनदाच केली, तर संपूर्ण आठवड्याच्या गरजेचा जेमतेम चौदावा भाग भरून निघतो. एकट्या व्यक्तीने रोज १०० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या पाच-सहा अळिंब्या खाल्ल्या, तरच दैनंदिन गरजेच्या निम्म्यापर्यंत पोहोचता येते. शिवाय रक्तातील ‘ड’ची पातळी वाढवून ती टिकवून ठेवण्यात ‘ड-२’ हे ‘ड-३’पेक्षा काहीसे कमी प्रभावी आहे.

म्हणून अळिंबीकडे पूरक स्रोत म्हणूनच पाहावे. ‘प्लस एफ’ चिन्ह असलेल्या पोषणयुक्त दुधात लिटरमागे ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम ‘ड’ असते. असे अर्धा लिटर दूध जास्तीत जास्त वरील भाजीच्या एका वाट्याइतके ‘ड’ देते. जी कुटुंबे अळिंबी खात नाहीत, त्यांच्यासाठी हा पर्याय उपयुक्त आहे.

औषध बंद करू नये

रक्ततपासणीत ‘ड’ची कमतरता आढळल्यास डॉक्टर अनेकदा ६०,००० एककांची मात्रा आठवड्यातून एकदा घेण्यास सांगतात. ही एक मात्रा १,५०० मायक्रोग्रॅमची असते. वरील हिशेबाने तेवढे ‘ड’ अळिंबीतून मिळविण्यासाठी सुमारे २० किलो अळिंबी खावी लागेल. त्यामुळे ‘नैसर्गिक उपाय सुरू केला आहे’ म्हणून गर्भवती महिला, लहान मुले, वृद्ध किंवा कमतरता असलेल्या कोणत्याही व्यक्तीने औषध परस्पर थांबवू नये. तसेच आठवड्याची मात्रा चुकून रोज घेऊ नये. त्याने रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढून मळमळ, अतितहान व मूत्रपिंडांचे विकार होऊ शकतात.

रानातील अळिंबी टाळावी

केवळ लागवड केलेली, खात्रीशीर ठिकाणाहून घेतलेली अळिंबीच वापरावी. पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या काही जाती प्राणघातक असतात. उन्हात ठेवल्याने किंवा शिजविल्याने त्यांचे विष नष्ट होईल, असे समजू नये. अळिंबी खाल्ल्यानंतर उलट्या, जुलाब वा तीव्र पोटदुखी झाल्यास, त्रास नंतर कमी झाला तरीही, तत्काळ रुग्णालयात जावे व उरलेली अळिंबी सोबत न्यावी.

हाडांत सतत वेदना, उठताना मांड्यांत अशक्तपणा किंवा मुलांच्या पायांत वाक दिसत असल्यास आहारातील बदलांवर विसंबून न राहता जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.