मराठी उत्तर हवं, तर सूचना कोणत्या भाषेत?

"एआय मॉडेलला द्यायची सूचना इंग्रजीतच लिहायची. मराठीत लिहिली की उत्तराचा दर्जा घसरतो." ज्या संस्थेसाठी मी आरोग्यपत्रकं लिहीत होते, तिथल्या समन्वयकांनी हे भर बैठकीत ऐकवलं आणि माझा मराठी सूचनेचा मसुदा बाजूला ठेवला. पत्रक होतं जुलाब झालेल्या बाळाला ओआरएस कसं पाजायचं याचं.

ज्या तपासणीवरून त्यांनी हे ठरवलं, ती मी नंतर पाहिली. एकाच संभाषणात आधी मराठी सूचना दिली होती, तिच्याखाली इंग्रजी. म्हणजे दुसरं उत्तर लिहिताना मॉडेलसमोर पहिलं उत्तर होतंच. त्यात प्रत्येकी एकच उत्तर घेतलेलं. आणि दोन्ही उत्तरं त्यांनी इंग्रजीत भाषांतर करून वाचली होती! इंग्रजीत दोन्ही छानच दिसणार. 'हे सुनिश्चित करा की पाणी स्वच्छ आहे' हे वाक्य कुठलीही आई बोलत नाही, पण ते मराठीत वाचल्याशिवाय कळायचं कसं? त्यांनी मराठी वाचलंच नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मग मी स्वतः करून पाहिलं. पद्धत अशी: प्रत्येक वेळी नवं संभाषण उघडा, जुनं लक्षात ठेवण्याची सोय बंद करा. दोन्ही सूचनांत मजकूर तोच ठेवा, पण मराठी सूचना इंग्रजीवरून यंत्राने भाषांतरित करू नका, स्वतः लिहा. नाहीतर तपासणी त्या भाषांतराचीच होते. उत्तरं दर वेळी बदलतात, म्हणून प्रत्येकी किमान पाच घ्या, खुणा काढून मिसळा आणि कोणतं कुठलं हे ठाऊक नसलेल्यांना वाचायला द्या. मी आशाताईंना दिली. आईला पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगावी लागतील अशा वाक्यांखाली त्यांनी रेघा मारल्या. पत्रकात यायलाच हव्यात अशा गोष्टींची यादी मी आधीच लिहून ठेवली होती: पूर्ण पुडी, एक लिटर स्वच्छ पाणी, चोवीस तासांनी उरलेलं फेकणं, धोक्याची लक्षणं.

इंग्रजी सूचनेच्या उत्तरांत रेघा स्पष्टच जास्त होत्या. पण मराठी सूचनेच्या काही उत्तरांतून चोवीस तासांची अट गळली होती, इंग्रजीच्या एकाहीतून नाही. पत्रकात ही चूक भाषेपेक्षा गंभीर, म्हणून भाषेचे आणि मजकुराचे गुण वेगळे लिहा. एकच आकडा काढलात तर यातलं काहीच दिसणार नाही.

शेवटी मी अटी इंग्रजीत ठेवल्या. वाचणारी कोण हे मराठीत सांगितलं आणि खाली चांगल्या मराठी पत्रकातल्या चार ओळी नमुन्याला जोडल्या. रेघा सर्वांत कमी झाल्या त्या या ओळींनी. हे माझ्या पत्रकापुरतं आणि त्या मॉडेलपुरतं. आवृत्ती बदलली की पुन्हा तपासा. जो कोणी 'इंग्रजीच बरी' म्हणेल, त्याच्याकडे आधी उत्तरांची मूळ मराठी प्रत मागा.