ग्राहकाच्या अनुभवाचा लेखी वृत्तांत

लघुउद्योजकांच्या माहितीपत्रकांतून समाधानी ग्राहकांची प्रशस्तिपत्रे पुष्कळ आढळतात. परंतु ती वाचून नव्या ग्राहकाने मागणी नोंदविली, असे क्वचितच घडते. ‘यंत्र उत्तम चालते’ या वाक्यावरून त्याला स्वतःच्या कारखान्याविषयी काहीच अनुमान काढता येत नाही. त्याला हवा असतो मोजमापांसह लिहिलेला वृत्तांत. तो कसा सिद्ध करावा, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

कारखान्यात वाफ निवल्यावर तिचे जे गरम पाणी होते, ते बॉयलरकडे परत पाठविणारी पंपयोजना एक उद्योजक तयार करतो. इचलकरंजीच्या एका कापड रंगविणाऱ्या कारखान्याने ती बसविली. पूर्वीच्या महिन्यात तेथे ६० टन जळण लागले होते, नंतरच्या महिन्यात ४४ टन लागले. मालक संतोषाने म्हणतात, “चौथ्या हिश्शाहून अधिक जळण वाचले!” हे विधान तसेच छापण्याचा मोह अनावर होतो आणि वृत्तांत फसतो तो येथेच.

उत्पादनाची नोंदवही उघडली असता दिसते की, पहिल्या महिन्यात १०० टन कापड रंगविले गेले होते, दुसऱ्यात अवघे ८० टन. म्हणजे टनामागे ६०० किलो जळणाऐवजी ५५० किलो लागले. खरी बचत सुमारे आठ टक्के. तिचा पडताळाही घेता येतो. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचे तापमान सहा अंश सेल्सिअसने वाढले की जळणात साधारण एक टक्का बचत होते, असा ठोकताळा आहे. येथे ते ३० अंशांवरून ७८ अंशांवर गेले, हिशेब जुळतो. आठ टक्के हा आकडा लहान दिसतो खरा, पण नव्या ग्राहकाच्या हिशेबनिसाने तपासला तरी तो टिकतो. त्यावरून खर्च किती महिन्यांत भरून निघेल, हे तो स्वतःच्या जळणाच्या दराने काढू शकतो.

अर्थात, ‘पूर्वीचे’ आकडे यंत्र बसविण्याआधीच, शक्य तर तीन-चार महिन्यांचे, टिपून ठेवावे लागतात. मागाहून ते आठवणीतून लिहिले जातात आणि आठवण विक्रेत्याला नेहमीच अनुकूल असते.

योजना कोठे लागू पडत नाही, हेही वृत्तांतात यावे. जेथे वाफ थेट रंगाच्या हौदात सोडली जाते, तेथे परत आणण्याजोगे पाणी उरतच नाही. ही ओळ वाचून काही ग्राहक परततील. पण यंत्र घेऊन मग तक्रार करणाऱ्यांपेक्षा ते बरे.

छापण्यापूर्वी मजकूर ग्राहकाला दाखवून त्याची लेखी संमती घ्यावी. एकूण उत्पादन उघड करण्यास तो नाखूश असल्यास टनामागील आकडा पुरेसा होतो. नाव देण्यास नकार असेल तर कारखान्याचा प्रकार व बॉयलरची क्षमता तरी नमूद करावी. हा वृत्तांत दरपत्रकासोबतच द्यावा, कारण खर्चाला मंजुरी देणारी व्यक्ती बहुधा विक्रेत्याला भेटलेलीच नसते.