वरण एकदा, फोडणी रोज

चि. सुमेध,


उटनूरच्या आश्रमशाळेत रुजू झालास, खोलीही मिळाली, बरं वाटलं. पण उरलेलं वरण तिसऱ्या दिवशी ओतून द्यावं लागतं आणि मग रात्री बिस्किटांवर भागवतोस, हे वाचून राहवलं नाही.

मूठभर डाळ कुकरला लावायचा कंटाळा येतो, म्हणून आपण जास्त लावतो. तर जास्तच लाव, फक्त सगळी फोडणीला टाकू नकोस. आदिलाबादकडची तूर चांगली असते. एक वाटी डाळ अर्धा तास भिजवून अडीच वाट्या पाणी, हळद आणि थेंबभर तेल घालून मऊ शिजव. चिंच, टोमॅटो, अंबाडी आधी घालू नकोस. आंबटामुळे डाळ शिजत नाही.

शिजलेलं घट्ट वरण घोटून चार वाटण्या कर. एक आजची. बाकीचं परातीत पसर आणि परात गार पाण्यात ठेव, म्हणजे लवकर निवेल. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलं तर आंबतं. निवल्यावर एक डबी फ्रिजमध्ये उद्यासाठी, दोन डब्या वर बर्फाच्या कप्प्यात. डबी काठोकाठ भरू नकोस, गोठताना वरण फुगतं. झाकणावर तारीख लिही.

सकाळी शाळेत जाताना एक डबी खालच्या कप्प्यात उतरव. संध्याकाळी अर्धी वाटी पाणी घालून चांगली उकळी आण. फोडणी त्या दिवशीची: एकदा लसूण-जिरं, एकदा मूठभर चिरलेली अंबाडी परतून, एकदा दोडक्याच्या फोडी वाफवून. एकदा सुटलेली डबी परत गोठवू नकोस. बटाटा घातलेलं वरणही गोठवू नकोस, बटाटा भुसभुशीत होतो.

भाकरी मात्र ताजीच. एका भाकरीला साधारण अर्धी वाटी ज्वारीचं पीठ लागतं. दळण थोडंच आण. जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेनं फाटते. फाटू लागली की उकळत्या पाण्यात पीठ मळ.

एका दाराच्या फ्रिजचा वरचा कप्पा फार थंड राहत नाही, म्हणून डब्या दोन आठवड्यांत संपव. वीज जात असेल तर वाटीभर पाणी गोठवून त्यावर रुपया ठेव. रुपया तळाशी गेलेला दिसला, म्हणजे मागे बर्फ वितळून पुन्हा गोठला. त्या डब्या खाऊ नकोस. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात.

आठवडी बाजारातून भाजी पावशेरच घे. पुढच्या खेपेला तुरीऐवजी मुगाची डाळ लाव, म्हणजे डब्यांत दोन तऱ्हा होतील. दोन्ही कशा जमल्या ते कळव.

तुझी आत्या