सोन्याची मासिक भिशी मध्येच सोडताना : आपले काय आणि सराफाचे काय?

मुलीच्या निकाहसाठी थोडे थोडे सोने जमावे म्हणून आपल्यापैकी अनेक घरांतून सराफाकडे दरमहा हप्ता भरला जातो. अकरा हप्ते ग्राहकाने भरावेत, बारावा सराफाने घालावा आणि त्या रकमेचा दागिना घ्यावा, असे या योजनेचे रूढ स्वरूप आहे. ती मुदतीपूर्वी सोडावी लागली तर काय गमवावे लागते, आणि शरीअतच्या दृष्टीने त्यातील कोणता भाग खरोखर आपला होता, हे समजून घेऊ.

समजा, वर्ध्यातील एका कुटुंबाने दरमहा २,००० रुपयांप्रमाणे सात हप्ते भरले. मग घरातील कोणी सेवाग्रामच्या रुग्णालयात दाखल झाले आणि पैशाची निकड निर्माण झाली. सराफाकडे १४,००० रुपये जमा आहेत. बारावा हप्ता मिळणार नाही, हे उघडच आहे. नाव नोंदवताना दिलेल्या भेटवस्तूची किंमतही काही दुकानदार वजा करतात. परंतु मोठा फटका याहून निराळ्या ठिकाणी बसतो. अनेक योजनांच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, रोख परत मिळणार नाही, तेवढ्या किमतीचा माल घ्यावा लागेल. घडणावळ १२ टक्के आणि त्या सर्वांवर ३ टक्के जीएसटी धरल्यास १४,००० रुपयांच्या दागिन्यात सोने असते सुमारे १२,१३६ रुपयांचे. १,४५६ रुपये घडणावळीत आणि ४०८ रुपये करात जातात. रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी तो दागिना दुसऱ्याच दिवशी मोडला, तर जवळपास १,८६४ रुपये हातचे जातात. मोडीची घट वेगळीच. म्हणून माल घेणे अटळच असेल, तर दागिन्याऐवजी नाणे मागावे, कारण त्यावरील घडणावळ बहुधा बरीच कमी असते.

आता शरीअतचा विचार. हप्ते भरताना सोने ठरत नाही, तोलले जात नाही, ताब्यातही येत नाही. हजरत उबादा बिन सामित (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसच्या आधारे बहुसंख्य विद्वान सोन्याचा व्यवहार हातोहात होणे आवश्यक मानतात. त्यामुळे दरमहा सोने ‘विकत घेतले’ असे म्हणणे अवघड आहे. सराफ ती रक्कम आपल्या धंद्यात वापरतो. म्हणजे वस्तुतः ते त्याच्याकडे असलेले आपले कर्ज, आणि खरेदी होते ती अखेरच्या दिवशी, त्या दिवसाच्या भावाने.

यातून दोन गोष्टी निघतात. कर्जावर ठरवून मिळणारा लाभ हा रिबा होय. म्हणून रोखीने जमा होणाऱ्या बाराव्या हप्त्याविषयी अनेक मुफ्ती आक्षेप घेतात. विक्रीच्या वेळी घडणावळीत दिलेली सूट काहींना जायज वाटते, काहींना तीही संशयास्पद वाटते. आपल्या योजनेची पुस्तिका दाखवून मुफ्तींना विचारावे, हे उत्तम. मात्र तो हप्ता हुकला म्हणून फार हळहळण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. मुद्दल ही आपली मिळकत आहे. एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाऊ नका, हा सूरह अन्-निसामधील आदेश सराफालाही लागू आहे. बयाना जप्त करण्यास हंबली फुकहांनी मुभा दिली असली, तरी अन्य तीन मज़हबांचे बहुसंख्य फुकहा ती नाकारतात. आणि येथे तर सौदाच झालेला नसल्याने हप्त्यांना बयाना म्हणणेही कठीण.

देशाचा कायदाही या रकमेला मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम मानतो. कंपन्यांसाठीच्या २०१४ च्या ठेव-नियमांनुसार अशा रकमेचा माल ३६५ दिवसांत द्यावा लागतो. पुष्कळ योजना अकरा-बारा महिन्यांच्या आत आटोपण्याचे हेच कारण. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यानुसार, परत करण्यास पात्र झालेली आगाऊ रक्कम १५ दिवस उलटूनही परत न केल्यास ती ठेव समजली जाते.

कधी कधी लवकर बाहेर पडणे हाच शहाणपणा ठरतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये डोंबिवली-ठाणे परिसरातील गुडविन ज्वेलर्सची दुकाने एकाएकी बंद झाली. मासिक योजनेत पैसे भरलेले ग्राहक पोलीस ठाण्यात पोहोचले आणि ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या महाराष्ट्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. तेथे प्रश्न बाराव्या हप्त्याचा उरला नव्हता, मुद्दलाचा होता. दुकानदार परिपक्व झालेल्या खात्यांना ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणू लागला, किंवा पावतीऐवजी नुसते तोंडी आश्वासन देऊ लागला, तर पुढचा हप्ता थांबवावा.

योजना सोडताना अर्ज लेखी द्यावा, त्यात भरलेल्या हप्त्यांच्या तारखा व रकमा लिहाव्यात, एका प्रतीवर दुकानाचा शिक्का व पोच घ्यावी आणि मूळ पासबुक पैसे हाती पडेपर्यंत देऊ नये. दाद मिळाली नाही तर वर्धा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. तेथे पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. दरम्यान ज़कातचा दिवस आलाच, तर सराफाकडे अडकलेली ही मुद्दल, ती परत मिळण्याची खात्री असल्यास, हिशेबात आपल्या इतर रकमेसोबत धरावी. सराफाने देऊ केलेला, पण हाती न आलेला हप्ता धरू नये.