‘हॅज’नंतरचे तिसरे रूप : चूक कोठून येते व ती कशी पडताळावी

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील शाळांत मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषांच्या घरांतून आलेली मुले इंग्रजी शिकतात. त्यांच्या वह्यांत ‘आय हॅव वेंट’ किंवा ‘शी हॅज रोट’ अशी वाक्ये आढळली, तर ती केवळ निष्काळजीपणाची फलश्रुती मानता येत नाहीत. या चुकीमागे मातृभाषेचा एक नियम आहे.

मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेलो आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘गेलो’ हे रूप एकच आहे. ‘तिने पत्र लिहिले’ यास ‘आहे’ जोडले की ‘तिने पत्र लिहिले आहे’ असे होते. ‘लिहिले’ बदलत नाही. उर्दूतही ‘गया’ आणि ‘गया है’, ‘लिखा’ आणि ‘लिखा है’ अशीच रचना आहे. त्यामुळे ‘गेलो’ म्हणजे ‘वेंट’ हे ठाऊक झालेला विद्यार्थी ‘गेलो आहे’ यासाठी ‘हॅव वेंट’ लिहितो. इंग्रजीतील बहुसंख्य क्रियापदे त्याच्या या समजुतीस पुष्टीच देतात. ‘वॉक्ड’ व ‘हॅज वॉक्ड’, ‘सेंट’ व ‘हॅज सेंट’ यांत रूप एकच राहते. नियम मोडतो तो ज्यांची दुसरी व तिसरी रूपे भिन्न आहेत अशा थोड्या, परंतु नित्याच्या क्रियापदांत : गो, वेंट, गॉन, राइट, रोट, रिटन, कम, केम, कम.

पडताळणीसाठी प्रथम वाक्यातील साहाय्यक क्रियापद शोधावे. हॅव, हॅज किंवा हॅड यांपैकी एखादे असेल, तर पुढे तिसरे रूपच हवे. मध्ये ‘ऑलरेडी’ किंवा ‘नॉट’ आला, अथवा ‘शुड हॅव’ अशी जोडी असली, तरी नियम तोच राहतो. यानंतर शंकास्पद शब्दच कोशात पाहावा. ‘सेंट’ या शब्दापुढे तो ‘सेंड’चा भूतकाळ आणि तिसरे रूप असल्याचा निर्देश असतो, ‘रोट’पुढे मात्र केवळ भूतकाळाचा निर्देश असतो. तेवढ्यावरून ‘हॅज रोट’ चूक ठरते. मूळ क्रियापदाच्या नोंदीत दोन रूपे दिली असल्यास पहिले भूतकाळाचे व दुसरे ‘हॅज’नंतरचे समजावे, एकच दिले असल्यास ते दोन्हीकडे चालते.

एक उदाहरण घेऊ. एका मसुद्यात असे वाक्य आहे : ‘द सरपंच हॅज रोट टु द तहसीलदार अँड द हेडमास्टर हॅज वेंट टु पैठण ऑन मंडे.’ पहिल्या भागात ‘हॅज’ आहे आणि कोश ‘रोट’ हे केवळ भूतकाळाचे रूप सांगतो. म्हणून तेथे ‘हॅज रिटन’ करावे. दुसऱ्या भागातही ‘वेंट’ काढून ‘गॉन’ घालावे असे वाटेल. पण तसे केल्यानेही वाक्य शुद्ध होत नाही. ‘ऑन मंडे’ ही संपून गेलेली निश्चित वेळ आहे आणि अशा वेळेबरोबर इंग्रजीत ‘हॅज’ची रचना चालत नाही. मराठीत ‘मुख्याध्यापक सोमवारी पैठणला गेले आहेत’ हे निर्दोष असल्यामुळे ही चूक सहसा नजरेतून सुटते. येथे ‘वेंट’ बरोबरच होते. काढावयाचे ते ‘हॅज’. शुद्ध वाक्य असे : ‘द सरपंच हॅज रिटन टु द तहसीलदार अँड द हेडमास्टर वेंट टु पैठण ऑन मंडे.’ म्हणून रूप बदलण्यापूर्वी वाक्यात काल, सोमवारी, गेल्या वर्षी असा कालनिर्देश आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

तपासणाऱ्यानेही एक मर्यादा ध्यानी ठेवावी. काही क्रियापदांची दोन तिसरी रूपे मान्य आहेत. ‘लर्न्ड’ व ‘लर्न्ट’ दोन्ही शुद्ध आहेत. ‘हॅज गॉटन’ हे अमेरिकेत रूढ, तर ब्रिटनमध्ये ‘हॅज गॉट’ प्रचलित आहे. केवळ कानाला अनोळखी वाटले म्हणून अशा रूपाचे गुण कापल्यास विद्यार्थ्यावर अन्याय होतो. उलटपक्षी, ‘हॅव वेंट’ काही इंग्रजी भाषकांच्या बोलीतही ऐकू येते आणि अठराव्या शतकातील लेखकांच्या लिखाणात ‘हॅव रोट’ सापडते. रॉबर्ट लौथ या व्याकरणकाराने 1762 मधील आपल्या ग्रंथात अशा प्रयोगांना दोष दिला. तेव्हा कोठेतरी ऐकले वा छापलेले पाहिले, हा पुरावा पुरेसा नाही. आजच्या परीक्षेतील उत्तरासाठी आणि कार्यालयीन पत्रासाठी प्रचलित कोशातील नोंद हाच निर्णय मानावा.

वहीत ‘हॅज केम’ दिसल्यास शिक्षकाने ‘आला’ आणि ‘आला आहे’ ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहावीत, त्यांखाली ‘केम’ आणि ‘हॅज कम’ लिहावे. मराठीत जे बदलले नाही, ते इंग्रजीत कोठे बदलले, हे विद्यार्थ्यास तेथे प्रत्यक्ष दिसते.